पेट्या किती, तारीख कोणती आणि वाघ कोण?

तासगावचा एक बेदाणा व्यापारी अमेरिकेतल्या ग्राहकाला ईमेल पाठवतो आहे, असे समजू. मजकूर तो मराठीत लिहितो आणि अनुवादयंत्राकडून त्याचे इंग्रजी करून घेतो. मजकूर छोटाच आहे: ‘सव्वातीनशे पेट्या, प्रत्येकी दहा किलोच्या, म्हणजे एकूण सव्वातीन टन माल परवा निघेल. गोदामाचे काम शीतल वाघ पाहतात. आगाऊ रक्कम पावणेदोन लाख रुपये ०५/०८/२०२५ पर्यंत जमा करावी.’

इंग्रजी क्षणात तयार होते, आणि वाचायलाही सफाईदार असते. धोका याच सफाईत आहे. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या अंदाजावर यंत्र वाक्य रचते. तिथे ३२५ आले काय किंवा ३०० आले काय, वाक्य सारखेच शुद्ध दिसते. व्याकरण चुकले तर डोळ्याला खटकते. आकडा चुकला तर खटकत नाही.

खात्रीसाठी बरेच जण ते इंग्रजी यंत्राकडूनच पुन्हा मराठीत करून पाहतात. अर्थ पार बदलला असेल तर या उपायाने कळते, पण नेमक्या या चुका त्यातून निसटतात. यंत्राने ‘वाघ’ या आडनावाचे Tiger केले असेल, तर उलट अनुवादात Tiger चा पुन्हा ‘वाघ’ होतो आणि सगळे बरोबर आहे असे वाटते. 05/08/2025 तर जाताना आणि येताना जसेच्या तसे राहते. म्हणून पडताळणी मूळ मराठी मजकुराशीच करायला हवी. त्यातला प्रत्येक आकडा, तारीख आणि नाव आधी कागदावर उतरवावे, मग इंग्रजीत ते एकेक शोधून खूण करावी. पूर्ण वाक्ये वाचत बसू नये, कारण वाचताना मन अर्थाच्या मागे धावते आणि आकडा नजरेखालून जातो.

आकड्यांत सर्वांत नाजूक म्हणजे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडे. सव्वातीन म्हणजे ३.२५, पण सव्वातीनशे म्हणजे ३२५. इथला पाव शंभराचा आहे, एकाचा नव्हे. यंत्र कधी तो पाव गाळून ३०० लिहू शकते, कधी 300.25. आपल्या व्यापाऱ्याच्या ईमेलमध्ये गुणाकाराची सोय आहे. ३२५ गुणिले १० म्हणजे ३,२५० किलो, म्हणजे सव्वातीन टन. इंग्रजीत 300 boxes आणि 3.25 tons शेजारी शेजारी दिसले, की हिशेब जुळत नाही हे लगेच कळते. रकमेला अशी जोड नाही, म्हणून ती मूळ मजकुरातच अंकांत लिहिलेली बरी. शिवाय 1,75,000 हा आपला स्वल्पविराम अमेरिकन माणसाला छपाईची चूक वाटू शकतो. त्याच्यासाठी INR 175,000 लिहावे. पत्र जर्मनीला जाणार असेल तर आणखी जपावे लागते, कारण तिकडे पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामध्ये टिंब नसून स्वल्पविराम असतो.

आता तारीख. आपल्याकडे 05/08 म्हणजे ५ ऑगस्ट, अमेरिकेत ८ मे. इथे यंत्राची चूकही लागत नाही; वाचणाराच वेगळे वाचतो. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे घोटाळा होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. पहिल्या बारा दिवसांत मात्र होतो, आणि 05/05 सारख्या बारा तारखा वगळल्या तरी वर्षात अशा १३२ तारखा उरतात. यावर साधा उपाय म्हणजे महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे, 5 August 2025. आणि ‘परवा’ हा शब्द मूळ मजकुरात ठेवूच नये. तो मागचा दिवसही असतो आणि पुढचाही. माल निघाला की निघणार, हे यंत्राला फक्त क्रियापदावरून कळते. शिवाय ग्राहक ईमेल कधी उघडेल कोण जाणे. तिथेही तारीखच द्यावी.

नावांसाठी माझा आग्रह असा, की ती अनुवादाच्या हाती देऊच नयेत. मराठी मजकुरातच Sheetal Wagh असे रोमन लिपीत लिहावे, आणि तेही पासपोर्ट किंवा बँक खात्यावर असेल त्याच स्पेलिंगने. नाहीतर एकच माणूस वर Wagh आणि खाली Vagh होतो आणि बँकेत पैसे अडकतात. शीतल हे नाव पुरुषाचेही असते, स्त्रीचेही, म्हणून इंग्रजीत he आहे की she हेही पाहावे. ग्राहकाचे नाव तर कधीच देवनागरीतून उलटे आणू नये. ‘क्रिस्टीन’ची इंग्रजी स्पेलिंगे अनेक आहेत; त्याच्या आधीच्या ईमेलखालच्या सहीतून ते जसेच्या तसे उचलावे.

शेवटी जोडलेली बिले उघडून पाहावीत. अनुवाद फक्त मजकुराचा झालेला असतो, बिलाच्या फोटोतले आकडे देवनागरीच राहतात. आपला ४ परदेशी डोळ्याला सहज 8 वाटतो.