साठ लाखांचं पत्र, एकोणीस लाखांचा देकार

कोरमंगलात ऐंशी फुटी रस्त्यालगत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक मराठी जोडपं व्हीआरएसचं पत्र घेऊन आलं. मूळचे बेळगावचे, राहायला नॅशनल गेम्स व्हिलेजच्या इमारतींत. गृहस्थ एका खासगी कारखान्याच्या खरेदी विभागात व्यवस्थापक. जुलै १९९७ पासून त्याच कंपनीत, जूनमध्ये पंचावन्न पूर्ण होणार. निवृत्तीचं वय अठ्ठावन्न, म्हणजे जून २०२८. पत्रात ३१ मार्चला कार्यमुक्त करण्याचं लिहिलं होतं आणि उत्तराला वीस तारखेपर्यंत मुदत होती.

पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत "एकूण लाभ" म्हणून ६० लाख ५७ हजारांचा आकडा होता. वहिनींच्या बोलण्यातही "साठ लाख" हेच शब्द वारंवार येत होते. मी त्यांच्याकडून शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि फॉर्म १६ मागवला नि तो आकडा फोडायला घेतला.

त्यातले ३१ लाख पीएफचे होते. आठ लाखांच्या आसपास ग्रॅच्युइटी होती आणि दोन लाख शिल्लक रजेचे. हे तिन्ही पैसे त्यांचेच आहेत. आज नोकरी सोडली तरी मिळतील, तीन वर्षांनी सोडली तरी मिळतील. कंपनी नोकरी विकत घेण्यासाठी वेगळं जे देऊ करते ती फक्त सानुग्रह रक्कम, आणि ती होती साडेएकोणीस लाख. बुडणाऱ्या पगाराशी तोलायची ती एवढीच. व्हीआरएसच्या पत्रांत ही सरमिसळ इतकी सर्रास दिसते की बेरजेची ओळ खोडल्याशिवाय मी पुढे वाचतच नाही.

साडेएकोणीस लाख कसे आले? सूत्र असं होतं : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला ४५ दिवसांचं वेतन, किंवा उरलेल्या महिन्यांचं वेतन, यांतलं जे कमी असेल ते. पूर्ण वर्षं सत्तावीस. दीड महिन्याच्या हिशेबानं साडेचाळीस महिने होतात. घरी त्यांनी याला महिन्याच्या १ लाख ५ हजारांनी गुणलं होतं आणि बेचाळीस लाखांवर पोचले होते. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर व्याख्या होती : वेतन म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. स्लिपवर मूळ वेतन ५० हजार, घरभाडं भत्ता २० हजार, विशेष भत्ता ३५ हजार. महागाई भत्त्याचा रकानाच नाही. खासगी कंपन्यांत पगारवाढ वर्षानुवर्षं विशेष भत्त्यात टाकली जाते, तिचा परिणाम असा शेवटी दिसतो. वर "जे कमी असेल ते" हे शब्द. एप्रिल २०२५ ते जून २०२८ हे एकोणचाळीस महिने, साडेचाळीसपेक्षा कमी. म्हणून एकोणचाळीस गुणिले पन्नास हजार.

त्यांच्या मनात बीएसएनएलचं उदाहरण होतं. बेळगावचे एक नातलग २०१९ च्या योजनेत बाहेर पडले नि सुखात आहेत, असं ते म्हणाले. ती योजना पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी होती. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचं आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचं वेतन असं तिचं सूत्र होतं. अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडले. पण दूरसंचार खात्यातून बीएसएनएलमध्ये सामावलेल्या माणसाला सरकारी पद्धतीचं निवृत्तिवेतन आहे आणि व्हीआरएसनंतर ते लगेच सुरू झालं. मधली वर्षं त्या निवृत्तिवेतनानं तारून नेली. माझ्यासमोरच्या गृहस्थांना मिळणार होतं पीएफसोबतचं पेन्शन. ते पंधरा हजारांच्या मर्यादेवर मोजलं जातं. अठ्ठाविसेक वर्षांच्या सेवेनंतरही ते महिना साडेसहा हजारांच्या आतच राहतं आणि पूर्ण मिळतं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. आधी घेतलं तर दर वर्षामागे चार टक्के कायमचे कापले जातात. नातलगाचा निर्णय त्याच्या जागी बरोबर असेल, पण तो इथे लागू पडत नाही.

मग कर. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१०सी) प्रमाणे व्हीआरएसच्या रकमेतले पाच लाख करमुक्त असतात. ही सूट नव्या करप्रणालीतही मिळते आणि आयुष्यात एकदाच मिळते. मात्र योजना नियम २बीए मध्ये बसणारी हवी. वय चाळीसच्या वर किंवा सेवा दहा वर्षांची हवी, रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही, आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत त्या माणसाला कामाला घ्यायचं नाही. पत्रात या नियमाचा उल्लेख नव्हता. तो लेखी घ्यावा असं मी सांगितलं, कारण पुढे कर विभागानं विचारलं तर उत्तर कर्मचाऱ्यालाच द्यावं लागतं. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे त्यांच्या बाबतीत पूर्ण करमुक्त बसत होते.

पण खरा पैसा दडला होता तारखेत. ३१ मार्चला कार्यमुक्त झाले असते, तर वर्षभराचा साडेबारा लाखांचा पगार आणि सानुग्रह रकमेतले करपात्र साडेचौदा लाख एकाच आर्थिक वर्षात आले असते. त्या वर्षीच्या दरांनी पंधरा लाखांपुढे तीस टक्के. मी दोनदा हिशेब केला : व्हीआरएसमुळे वाढणारा कर ४ लाख १८ हजार ८६०. आता तीच तारीख ३० एप्रिल धरा. नवीन आर्थिक वर्ष सुरू झालेलं, त्या वर्षात पगार एकाच महिन्याचा, आणि १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानं सैल केलेले नवे टप्पे लागू. उरलेले महिने अडतीस झाल्यानं सानुग्रह रक्कम पन्नास हजारांनी घटून १९ लाख होते, पण कर उरतो ९८ हजार २८०. ठेवींचं व्याज धरलं तर त्यात थोडी भर पडेल, तरी फरक तीन लाखांचा. शिवाय एप्रिलचा पगार हातात. नुसते पैसे एप्रिलमध्ये मागून चालत नाही, कारण पगाराची रक्कम देय झाली की करपात्र होते. कार्यमुक्तीची तारीखच बदलून घ्यावी लागते.

आता तराजूची दुसरी बाजू. त्याच अर्थसंकल्पानं नोकरीचं वजनही वाढवलं होतं. ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरल्यावर त्यांचं वार्षिक उत्पन्न बारा लाखांच्या आत येत होतं, म्हणजे एप्रिलपासून पगारावर कर शून्य. महिन्याचे १ लाख ५ हजार, त्यांतून दोनशे रुपये व्यवसाय कर वजा, आणि स्लिपच्या निव्वळ रकमेत न दिसणारा कंपनीचा सहा हजारांचा पीएफ हिस्सा मिळवला की दरमहा १ लाख १० हजार ८०० रुपये बुडत होते. अडतीस महिन्यांचे बेचाळीस लाख. समोर कर वजा जाता अठरा लाख.

"म्हणजे सोडू नये?" वहिनींनी विचारलं.

बेचाळीस लाख मिळतात ते नोकरी अडतीस महिने टिकली तर. म्हणून मी अठरा लाखांना महिन्याच्या बुडत्या रकमेनं भागलं. सोळा महिने आणि वर थोडे दिवस. नोकरी ऑगस्ट २०२६ च्या पुढे टिकणार असेल तर राहण्यात फायदा, त्याआधी जाणार असेल तर पत्र घेण्यात. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर, सोडून अठ्ठावन्नपर्यंत महिना पासष्ट हजारांच्या आसपास कमावता आले तर नुकसान भरून निघतं. ग्रॅच्युइटीत होणारी साडेशहाऐंशी हजारांची घट त्यात धरली आहे.

सोळा महिने टिकेल की नाही, हे मी सांगू शकत नव्हतो. ते सांगू शकत होते, कारण खरेदीचे कागद त्यांच्याच टेबलावरून जात. पुढच्या वर्षाच्या कच्च्या मालाच्या मागण्या निम्म्यावर आल्या होत्या. यंत्रांच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट तीन महिन्यांपुरतंच वाढवलं होतं आणि साचे होसूरच्या कारखान्याकडे निघाले होते. व्यवस्थापक असल्यानं "कामगार" म्हणून कपातीची कायदेशीर भरपाईही त्यांना मिळणार नव्हती. कारखाना बंद झाला तर हाती येणार ती सूचनेच्या काळाची रक्कम. त्यांचा अंदाज होता जास्तीत जास्त एक वर्षाचा.

मधल्या वर्षांचं गणित वहिनींनी मांडलं. घरखर्च महिना ६२ हजार. कंपनीचा गट आरोग्य विमा कार्यमुक्तीच्या दिवशी संपणार, आणि घरात मधुमेह. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या आजारांची प्रतीक्षेची मुदतही पुढे मोजली जाते, पण अर्ज आधीचं संरक्षण संपण्यापूर्वी करायला हवा. हप्ता धरून खर्च ६७ हजार. सानुग्रह, ग्रॅच्युइटी आणि रजा मिळून हाती २८ लाख, आणि अडतीस महिन्यांचा खर्च साडेपंचवीस लाख. पीएफला हात न लावता अठ्ठावन्न गाठता येत होतं, पण नवी कमाई नसेल तर तिथे पोचेपर्यंत हा गल्ला जवळजवळ रिकामा. पीएफ तसाच ठेवला तर त्यावर व्याज मिळत राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरचं ते व्याज करपात्र असतं. बंगळुरूच्याच आयकर अपिलीय न्यायाधिकरणानं २०१७ मध्ये तसा निर्णय दिला आहे.

इथे वाढदिवस कामाला आला. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीची, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडलं तर पंचावन्न पूर्ण झालेल्या निवृत्तालाही ती खुली असते. व्याज तेव्हा ८.२ टक्के, दर तिमाहीला. मार्चअखेर बाहेर पडून पैसे एप्रिलच्या सुरुवातीला मिळाले असते, तर जूनमधला वाढदिवस गाठून खातं उघडायला जेमतेम काही आठवडे उरले असते. पैसे मे महिन्यात आले तर सवड होती. अठरा लाख तिथे ठेवले तर महिन्याला १२ हजार ३०० पडतात. दहा लाख हाताशी मोकळे, कारण त्या खात्यातून मुदतीआधी पैसे काढले तर कपात होते.

त्यांनी कंपनीला दोन ओळींचं पत्र दिलं : कार्यमुक्तीची तारीख ३० एप्रिल करावी आणि योजना नियम २बीए ला धरून असल्याचं लेखी द्यावं. वेतनाच्या व्याख्येत विशेष भत्ता धरावा ही तिसरी मागणी त्यांनी तोंडी केली होती. ती नाकारली गेली. पहिल्या दोन मान्य झाल्या, मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांनी सही केली. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पुरवठादाराकडे महिना पंचेचाळीस हजारांवर ते आता आठवड्यातून चार दिवस जातात. पासष्ट हजारांचा आकडा त्यामुळे गाठला जात नाही, पण २८ लाखांचा गल्ला आता बराच हळू आटतो आहे.