स्प्रिंग ड्राइव्ह: चावीचं घड्याळ, क्वार्ट्झचा ब्रेक

सुवा येथील सेइकोशाचे जपानी अभियंते योशिकाझु आकाहाने यांना १९७७ मध्ये एक कल्पना सुचली: घड्याळ स्प्रिंगवर चालावं, पण वेळ क्वार्ट्झइतकी अचूक दाखवावी. ती बाजारात यायला १९९९ उजाडलं. आज सेइको हे तंत्र 'स्प्रिंग ड्राइव्ह' या नावाने विकते. त्याच्याविषयीचे काही गैरसमज मात्र अजून टिकून आहेत.

गैरसमज: यात कुठेतरी लहानसा सेल असणारच.

वस्तुस्थिती: सेल नाही, वीज साठवणारा कपॅसिटरही नाही. गुंडाळलेली स्प्रिंग उलगडताना दातेरी चाकं फिरवते आणि त्या चाकांवरच काटे चालतात. साखळीतलं शेवटचं चाक चुंबकासह फिरतं, त्यामुळे शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात किंचित वीज तयार होते. तेवढ्यावर क्वार्ट्झचा स्फटिक आणि चिप चालते. चिप चाकाचा वेग स्फटिकाच्या कंपनांशी ताडून पाहते. चाकाने सेकंदाला ८ फेऱ्याच घ्यायच्या असतात. वेग वाढला की त्याच वेटोळ्यातून चुंबकीय ब्रेक लागतो. उतारावर सायकल आपोआप धावते आणि आपण फक्त ब्रेक सांभाळतो, तसंच हे. साध्या क्वार्ट्झ घड्याळात वीज काटे ढकलते, इथे ती काट्यांना आवरते.

गैरसमज: मग सेइकोचं 'कायनेटिक' घड्याळही हेच.

वस्तुस्थिती: कायनेटिकमध्ये हाताच्या हालचालीने वीज तयार होऊन साठवली जाते आणि ती मोटर चालवते. म्हणजे ते क्वार्ट्झ घड्याळच, फक्त सेल बदलावा लागत नाही. ओळख सोपी आहे. कायनेटिकचा सेकंदकाटा दर सेकंदाला एक टप्पा घेतो, स्प्रिंग ड्राइव्हचा न अडखळता सरकत राहतो. यांत्रिक घड्याळाचा काटाही सरकताना दिसतो, पण नीट पाहिलं तर तो बारीक उड्या मारत असतो, कारण तिथे बॅलन्स व्हील आणि एस्केपमेंट चाकाला क्षणभर अडवून सोडतात. स्प्रिंग ड्राइव्हमध्ये हे दोन्ही भाग नाहीत, म्हणून टिकटिकही नाही.

गैरसमज: क्वार्ट्झ आहे म्हटल्यावर चावी नको, देखभाल नको.

वस्तुस्थिती: स्प्रिंग संपली की वीजही संपते आणि घड्याळ थांबतं. २००४ मध्ये आलेल्या ९आर६५ या स्वयंचलित यंत्रणेत पूर्ण गुंडाळलेली स्प्रिंग सुमारे ७२ तास पुरते. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी रात्रीच्या सुमारास थांबेल. मग चावी द्या आणि वेळ पुन्हा लावा. चालू असताना मात्र फरक महिन्याला अधिक-उणे १५ सेकंदांच्या आत राहतो. बॅलन्स व्हील नसल्याने घड्याळ आडवं ठेवलं की उभं, याने वेगावर तसा परिणाम होत नाही.

चाकांतलं तेल मात्र इथेही सुकतं, त्यामुळे ठरावीक काळाने सर्व्हिसिंग लागतंच. आणि चिप बिघडली तर गल्लीतला कुशल कारागीरही ती घडवू शकत नाही, सुटा भाग कंपनीकडूनच मागवावा लागतो.