बुटाच्या आतले आणि बुटाबाहेरचे

स्पॅनिशमध्ये झोपणं म्हणजे ‘दोर्मिर’. पण ‘मी झोपतो’ म्हणायचं तर ‘दोर्मो’ होत नाही, ‘दुएर्मो’ होतं. ‘तू झोपतोस’ म्हणजे ‘दुएर्मेस’, ‘ती झोपते’ म्हणजे ‘दुएर्मे’. ‘आम्ही झोपतो’ म्हणताना मात्र गाडी परत मूळ रुळावर येते: ‘दोर्मिमोस’. वर्तमानकाळात धातूतला स्वर असा फुटणारी क्रियापदं स्पॅनिशमध्ये पुष्कळ आहेत, आणि ती नेमकी रोजच्या वापरातली आहेत. त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना ती टाळून पुढे जाता येत नाही.

बहुतेक वर्गांत हा धडा एका चित्राने शिकवतात. सहा चौकटींचा तक्ता काढायचा. डावीकडे वरून खाली मी, तू, तो. उजवीकडे आम्ही, तुम्ही, ते. ज्या रूपांत स्वर बदलतो, त्यांच्याभोवती रेघ ओढली की डावी बाजू पूर्ण आणि उजवीकडची फक्त खालची चौकट आत येते. आकार होतो गुडघ्यापर्यंतच्या बुटाचा. ‘आम्ही’ बुटाबाहेर राहतं. चित्र चांगलंच आहे, मुलांच्या लक्षातही राहतं. पण ते थेट फळ्यावर काढून दिलं, तर असं का होतं हे कुणीच विचारत नाही.

म्हणून ४५ मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटं कानाला द्यावीत. फळ्यावर दोनच शब्द लिहायचे, ‘दुएर्मो’ आणि ‘दोर्मिमोस’. मोठ्याने म्हणायचे आणि जिथे जोर पडतो तिथे टाळी वाजवायची. पहिल्यात टाळी ‘दुएर’वर पडते, दुसऱ्यात ‘मि’वर. मग ‘पुएदो’ (मी करू शकतो) आणि ‘पोदेमोस’ (आम्ही करू शकतो). तीन-चार जोड्यांत मुलं स्वतःच सांगतात, की धातूवर जोर आला की स्वर फुटतो आणि जोर प्रत्ययाकडे सरकला की स्वर साधा राहतो. लॅटिनमधून स्पॅनिश घडताना हेच झालं: जोर पडलेला ऱ्हस्व ‘ओ’ ‘उए’ झाला, ऱ्हस्व ‘ए’ ‘इए’ झाला. मुलांना आधीच पाठ असलेल्या आकड्यांत याचा पुरावा आहे. सात म्हणजे ‘सिएते’, पण सत्तर ‘सेतेंता’. नऊ म्हणजे ‘नुएवे’, पण नव्वद ‘नोवेंता’. मराठी मुलांना आणखी एक उदाहरण घरचं आहे. ‘मूल’मधला दीर्घ ऊ ‘मुलाला’ म्हणताना ऱ्हस्व होतो आणि ते करताना आपण क्षणभरही थांबत नाही.

आता जोडीकाम, आणि खरी मेख इथेच आहे. नेहमीचा प्रकार असा, की दोघादोघांना प्रश्न द्यायचे आणि एकमेकांना विचारायला सांगायचे. “आ के ओरा आल्मुएर्सास?” म्हणजे तू किती वाजता जेवतोस? उत्तर: “आल्मुएर्सो आ लास दोस”, दोन वाजता. वर्गात छान गलबला होतो, शिक्षकांना समाधान वाटतं. पण नीट ऐकलं तर कळतं, की प्रश्नात ‘तू’ आणि उत्तरात ‘मी’, म्हणजे दोन्ही रूपं बुटाच्या आतलीच. प्रश्नातला फुटलेला स्वर जसाच्या तसा उचलायचा, शेवट बदलायचा, झालं उत्तर. नियम माहीत नसलेल्या मुलाचंही उत्तर बरोबर येतं. आणि मग चाचणीत तोच मुलगा ‘पोदेमोस’ऐवजी ‘पुएदेमोस’ लिहितो, कारण अख्ख्या तासात त्याच्या तोंडून ‘आम्ही’ एकदाही आलेलं नसतं.

यावर उपाय म्हणजे कामाला दोन टप्पे द्यायचे. पहिला टप्पा आठ मिनिटांचा. दिवसाची क्रियापदं सहाच: झोपणं, दुपारचं जेवणं, शकणं, हवं असणं, जास्त पसंत करणं आणि खेळणं. प्रत्येक जोडीकडे या सहांवरचे सहा प्रश्न. पण उत्तरं मिळवून थांबायचं नाही; दोघांत सारखं काय आणि वेगळं काय, ते शोधून वाक्यं तयार करायची. समजा दोन मैत्रिणी बसल्या आहेत. दोघीही दोनला जेवतात. वाक्य झालं: “नोसोत्रास आल्मोर्सामोस आ लास दोस”. (दोघी मुली आहेत म्हणून ‘नोसोत्रास’, त्यात एक मुलगा असता तर ‘नोसोत्रोस’.) एक आठ तास झोपते, दुसरी सात. दुसरी लिहिते: “एया दुएर्मे ओचो ओरास, यो दुएर्मो सिएते”. एकाच कागदावर बुटाच्या आतलं आणि बाहेरचं रूप शेजारी-शेजारी येतं, आणि कुठलं वापरायचं हे खऱ्या माहितीवर ठरतं.

दुसऱ्या टप्प्यात दोन जोड्या समोरासमोर. एक जोडी दुसरीला विचारते, “आ के ओरा आल्मुएर्सान उस्तेदेस?” तुम्ही किती वाजता जेवता? ‘उस्तेदेस’ लॅटिन अमेरिकेतलं ‘तुम्ही’, आणि त्याचं रूप ‘ते’सारखंच, बुटाच्या आतलं. उत्तर मात्र “आल्मोर्सामोस”. आता प्रश्नातला स्वर उचलून चालत नाही. ज्याला नियम कळला नाही, तो हमखास “आल्मुएर्सामोस” म्हणतो आणि शिक्षकाला ते तिथल्या तिथे ऐकू येतं. (स्पेनमधलं ‘वोसोत्रोस’ शिकवत असाल तर हा डाव जमणार नाही, कारण तेही बुटाबाहेरचंच. अशा वेळी जोडीला समोरच्या जोडीबद्दल तिसऱ्या जोडीकडे चौकशी करायला सांगावं.)

बोलणं चालू असताना मध्येच चुका सुधारू नयेत. वही घेऊन फिरावं आणि ऐकलेली तीन-चार चुकीची वाक्यं टिपावीत. काम संपल्यावर ती नाव न घेता फळ्यावर लिहायची आणि जोड्यांनीच दुरुस्त करायची. वर्गात विद्यार्थी विषम असतील तर एक तिकडी करावी. शिक्षकाने स्वतः जोडीदार होऊ नये, नाहीतर बाकीच्यांचं ऐकायला कुणी उरत नाही.

दुसरी एक चूक उशिरा उगवते. नियम आवडला की मुलं तो जिथे-तिथे लावतात आणि ‘खाणं’ म्हणजे ‘कोमेर’, त्याचं ‘कुएमो’ करून मोकळी होतात. खरं रूप साधं ‘कोमो’. कुठल्या क्रियापदाचा स्वर फुटणार हे मूळ रूपावरून ओळखता येत नाही. म्हणून शब्दकोशात आणि वहीत क्रियापदाच्या शेजारी बदल लिहून ठेवायची पद्धत आहे. मुलांनीही पहिल्या दिवसापासून ‘दोर्मिर’ एकटं न लिहिता ‘दोर्मिर, दुएर्मो’ असं जोडीनं लिहावं. ‘हुगार’ (खेळणं) मात्र वेगळंच प्रकरण: त्यात ‘उ’चा ‘उए’ होतो, ‘हुएगो’, आणि नेहमीच्या वापरात असं करणारं ते एकटंच क्रियापद आहे. तरी पहिल्याच दिवशी घ्यावं, कारण या वयाच्या मुलांना क्रिकेट-फुटबॉलबद्दल बोलायचंच असतं.

शेवटच्या पाच मिनिटांत चार गाळलेल्या जागांची चिठ्ठी: दोन ‘आम्ही’च्या, एक ‘ती’ची आणि एक ‘कोमेर’ची. चिठ्ठ्या गोळा कराव्यात, पण गुण देऊ नयेत. ‘आम्ही’च्या जागा चुकल्या असतील तर पुढच्या तासाची सुरुवात पुन्हा टाळ्यांनी करावी. त्या बरोबर असतील तरच ‘पेदिर’कडे, म्हणजे मागणं या क्रियापदाकडे वळावं, जिथे ‘ए’चा नुसता ‘इ’ होतो: ‘पिदो’. ‘तेनेर’ आणि ‘वेनिर’ मात्र या धड्यात आणू नका. ती बुटात बसल्यासारखी वाटतात, पण ‘मी’च्या चौकटीत ‘तेंगो’ आणि ‘वेंगो’ होतात, आणि नुकताच कळलेला नियम मुलांच्या मनात डळमळीत होतो.