पाठ ओळ कार्डावर नको

वृत्तांची उजळणी कार्डे करताना बहुतेक विद्यार्थी पाठ्यपुस्तकातलीच ओळ उतरवून घेतात. त्यात एक गोची आहे. ती ओळ आधीच पाठ असते, त्यामुळे डोळ्यांसमोर येताच वृत्ताचे नाव ओठांवर येते आणि गण पाडायचे राहूनच जातात. परीक्षेत अनोळखी ओळ आली की मग पंचाईत होते. म्हणून कार्डावर कधी न वाचलेली ओळ हवी, साधी असली तरी चालेल. भुजंगप्रयातासाठी ही घ्या:

तुझ्या दूर गावी जुना मित्र आहे

भुजंगप्रयाताच्या प्रत्येक चरणात 12 अक्षरे असतात आणि 'य' गण चार वेळा येतो. य गण म्हणजे एक लघू, दोन गुरू. तो विसरलात तर 'यमाताराजभानसलगं' म्हणा आणि पहिली तीन अक्षरे घ्या: य-मा-ता. आता ओळ तोडून पाहू: तु-झ्या-दू, र-गा-वी, जु-ना-मि, त्र-आ-हे. सहाव्या अक्षरावर, म्हणजे 'गावी'नंतर, थोडे थांबता येते, तीच यती.

ही ओळ मुद्दाम अशी रचली आहे, कारण तिच्यात दोन खाचा आहेत. 'मित्र'मधला 'मि' दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या 'त्र' या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो आणि तो गुरू होतो. तोच नियम डोळे मिटून 'तुझ्या'ला लावाल तर 'तु' गुरू ठरेल आणि पहिलाच गण मोडेल. मोठ्याने म्हणून पाहा: 'मित्र' म्हणताना 'मि'वर जोर पडतो, 'तुझ्या'च्या 'तु'वर पडत नाही, म्हणून तो लघूच राहतो. इथे निकाल कानाचा, डोळ्याचा नव्हे. कार्डाच्या मागे फोड लिहाल तेव्हा या दोन अक्षरांखाली रेघ ओढा.

अलंकारांसाठी मी चार कार्डांवर एकच कल्पना ठेवीन. 'डोंगर हत्तीसारखा बसला आहे' ही उपमा, कारण दोन्ही वेगळे ठेवून साम्य दाखवले. 'डोंगर जणू बसलेला हत्तीच' ही उत्प्रेक्षा. इथे डोंगर हत्तीच असावा अशी कल्पना केली. 'डोंगररूपी हत्ती वाट अडवून बसला' हे रूपक, दोघांत भेद उरला नाही. आणि 'हा डोंगर नव्हे, हत्तीच बसला आहे' ही अपन्हुती, कारण डोंगराचे डोंगरपणच नाकारले. उदाहरणे वेगवेगळी घेतली तर हा फरक इतका स्वच्छ दिसत नाही.

पाचवे कार्ड फसवे ठेवा: 'पाऊस सारखा पडतो आहे.' 'सारखा' दिसताच उपमा म्हणणारे पुष्कळ निघतात. इथे पावसाची तुलना कशाशीच नाही. 'सारखा' म्हणजे सतत. या वाक्यात उपमा नाही.