‘डेडलॉक’ नेमका कोणत्या लेक्चरला आला?

सेमिस्टर संपत आलं की इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत एकाच प्रकारची फाइल फिरू लागते. ‘ओएस डेफिनिशन्स फायनल’ किंवा तसंच काहीतरी तिचं नाव असतं. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय अशा फायलींना फार सोयीचा. प्रोसेस, थ्रेड, सेमाफोर, डेडलॉक, पेज फॉल्ट अशी त्याची सगळी इमारतच संज्ञांवर उभी आहे, आणि दोन-दोन मार्कांच्या प्रश्नांत याच संज्ञांची व्याख्या विचारली जाते. पण त्या फिरत्या फायलीत बहुतेक वेळा एक गोष्ट नसते : शब्द पहिल्यांदा कोणत्या लेक्चरला आला, याची नोंद. व्याख्या पाठ होते. मात्र ती समजली नाही तर परत कुठे जायचं, हे त्या फायलीवरून कळत नाही.

म्हणून काही विद्यार्थी पूर्ण सेमिस्टरच्या स्लाइड्स घेऊन स्वतःची शब्दसूची करायला बसतात. प्रत्येक शब्दासमोर एका ओळीची व्याख्या आणि पहिलं लेक्चर. कागदावर हे दोन संध्याकाळींचं काम वाटतं. व्याख्या अवघड जाईल आणि लेक्चर शोधणं सोपं, असा सगळ्यांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात लेक्चरचा रकानाच जास्त छळतो.

सुरुवात यंत्राच्या मदतीने होते. स्लाइड्स पीडीएफ असतील तर त्यांतला मजकूर बाहेर काढायला `pdftotext` हे साधन पुरेसं आहे, आणि मग `grep` शब्द शोधून देतं :

```
for f in lec*.pdf; do pdftotext -layout "$f"; done
grep -il "page" lec*.txt
```

दुसरी ओळ ‘पेज’ हा शब्द असलेल्या फायलींची नावं देते. त्यातली पहिली फाइल म्हणजे पहिलं लेक्चर, असं वाटतं. उत्तर येतं : लेक्चर एक! मेमरीचं प्रकरण सेमिस्टरच्या उत्तरार्धात शिकवलेलं असताना पेज पहिल्याच दिवशी कुठून आलं? फाइल उघडून पाहिलं की हसू येतं. पहिल्या स्लाइडवर अभ्यासक्रमाच्या ‘होमपेज’चा पत्ता असतो. `-w` हा पर्याय लावून फक्त सुटा शब्द शोधला तरी सुटका नाही, कारण काही स्लाइड्सच्या तळाशी ‘पेज ३ ऑफ ४०’ असं छापलेलं असतं आणि ते प्रत्येक लेक्चरमध्ये सापडतं.

उलटी गंमत ‘फाइल’ या शब्दाची. लेटेकमध्ये तयार केलेल्या काही पीडीएफमध्ये `f` आणि `i` ही दोन अक्षरं मिळून एकच जोडाक्षर छापलं जातं. मजकूर काढताना ते कधीकधी तसंच एकसंध राहतं, आणि `file` शोधणाऱ्याला तो शब्द डोळ्यांसमोर असूनही मिळत नाही. दोन शब्दांची संज्ञा ओळ तुटून दोन ओळींत विभागली गेली, तर ‘रेस कंडिशन’ही अशीच निसटते. फायलींना `lec2`, `lec10` अशी नावं दिली असतील तर यादीत दहावं लेक्चर दुसऱ्याच्या आधी येतं. `lec02` असं लिहिलं की तेवढी कटकट संपते.

सगळ्यांत फसवी स्लाइड मात्र चित्राची. प्रोसेसच्या अवस्था दाखवणारी आकृती (न्यू, रेडी, रनिंग, वेटिंग, टर्मिनेटेड) पुष्कळ ठिकाणी पाठ्यपुस्तकातून चित्र म्हणूनच चिकटवलेली असते. शिकवणाऱ्याने त्या एका आकृतीवर अर्धा तास घालवलेला असतो आणि काढलेल्या मजकुरात तिथे फक्त शीर्षक उरतं. यावर उपाय साधा आहे. ज्या पानावर मोजून चार-पाच शब्द निघाले, ती सगळी पानं बाजूला काढायची आणि डोळ्यांनी वाचायची.

हे सगळं निस्तरल्यावर खरा प्रश्न समोर येतो : ‘पहिलं’ म्हणजे काय?

चाळीस लेक्चर्सचं एक सेमिस्टर धरून चला आणि त्यात ‘डेडलॉक’चा माग काढा. शब्द पहिल्या लेक्चरला येतो, पण तो अभ्यासक्रमाच्या रूपरेषेत; नुसतं घटकाचं नाव. पुढे सोळाव्या लेक्चरला सेमाफोर शिकवताना एका स्लाइडच्या कोपऱ्यात इशारा असतो, की दोन सेमाफोर चुकीच्या क्रमाने घेतले तर डेडलॉक होऊ शकतो. इथे शब्द वापरलाय, समजावलेला नाही. मग एकोणिसाव्या लेक्चरला पूर्ण स्लाइड येते आणि तिच्यामागोमाग कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या चार अटी : साधन एका वेळी एकाच प्रोसेसला मिळणं, हातातलं न सोडता दुसऱ्याची वाट पाहणं, साधन जबरदस्तीने काढून घेता न येणं आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होणं.

यंत्र सांगतं ‘एक’. घाईत चाळणारा विद्यार्थी सांगतो ‘सोळा’. अभ्यासाच्या दृष्टीने उत्तर ‘एकोणीस’ आहे. पण सोळा फेकून देण्यासारखं नाही, कारण डेडलॉक हे काय दुखणं आहे ते तिथल्या छोट्या उदाहरणात सगळ्यांत लवकर दिसतं. म्हणून एकाऐवजी दोन रकाने ठेवलेले बरे : ‘उल्लेख’ आणि ‘ओळख’. पहिल्यात सोळा, दुसऱ्यात एकोणीस. रूपरेषेच्या, ‘आज काय शिकणार’च्या आणि उजळणीच्या स्लाइड्स दोन्हींतून वगळायच्या, हा नियम आधीच ठरवून टाकायचा.

आकड्याबरोबर स्लाइडचा क्रमांकही लिहावा लागतो. तिथे लेटेकची आणखी एक खोड आडवी येते. मुद्दे एकेक करून दिसावेत म्हणून केलेली स्लाइड पीडीएफमध्ये चार-पाच पानं व्यापते, त्यामुळे पानाचा क्रमांक आणि स्लाइडवर छापलेला क्रमांक जुळत नाहीत. नोंदवायचा तो छापलेला. आणि एकच पीपीटी तीन तास चालली असेल तर ‘लेक्चर’ म्हणजे फाइल की वर्गातला तास, हेही एकदाच ठरवून घ्यावं. फाइल धरणं सोयीचं, कारण परत उघडायची आहे ती फाइल. गेलेला तास पुन्हा उघडता येत नाही.

एकाच अक्षरांत लपलेले दोन शब्द ही याहून मोठी अडचण. उत्तम उदाहरण `wait`. युनिक्समध्ये `fork()` शिकवताना `wait()` येतो : मूळ प्रोसेस आपल्या अपत्य प्रोसेसचं काम संपेपर्यंत थांबते, ती सिस्टिम कॉल. बऱ्याच लेक्चर्सनंतर सेमाफोरच्या स्लाइडवर पुन्हा `wait()` दिसतो, पण इथे तो सेमाफोरचा आकडा एकने कमी करतो आणि गरज पडली तर प्रोसेसला थांबवून ठेवतो. नाव तेच असलं तरी क्रिया वेगळी आहे. दोघांची एकच नोंद केली तर परीक्षेत पाचव्या लेक्चरचं उत्तर सोळाव्याच्या प्रश्नाला जातं.

आणि नेमकी याच सेमाफोरच्या बाबतीत उलट तऱ्हाही आहे. ही कल्पना मांडणारे डाइक्स्ट्रा डच होते. त्यांनी त्या दोन क्रियांना `P` आणि `V` अशी नावं दिली. काही पुस्तकं त्यांनाच `wait` आणि `signal` म्हणतात, काही `down` आणि `up`. शिकवणाऱ्याने स्लाइड्स दोन-तीन पुस्तकांतून घेतल्या असतील तर एकाच सेमिस्टरमध्ये तिन्ही जोड्या भेटतात. इथे नोंद एकच हवी, आणि बाकीच्या नावांपुढे फक्त ‘पाहा’ असा निर्देश.

आता व्याख्या. ओळ एकच असल्यामुळे तिच्यात दोनच गोष्टी मावतात : ही वस्तू कोणत्या जातीची, आणि त्याच जातीतल्या शेजाऱ्यापासून ती वेगळी कशी. ‘डेडलॉक म्हणजे सिस्टिम अडकणं’ ही ओळ दुसऱ्या कसोटीला उतरत नाही, कारण अनंत फेऱ्यांत सापडलेला प्रोग्रामही अडकल्यासारखाच दिसतो. ‘प्रोसेसेसच्या एका गटातली प्रत्येक प्रोसेस त्याच गटातल्या दुसऱ्या कुणाकडे असलेल्या साधनाची वाट पाहत कायमची थांबलेली असणं’ ही ओळ उतरते. तिच्या शेजारी स्टार्व्हेशन ठेवून बघा : तिथे इतरांची कामं चालू असतात, एखाद्याचीच पाळी येत नाही. फरक त्या एका ओळीतूनच कळतो आणि ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाची निम्मी तयारी तिथेच होते.

पेज आणि फ्रेमची जोडगोळी मात्र हटकून घोळ घालते. पेज म्हणजे काय, तर फ्रेममध्ये बसणारा तुकडा. फ्रेम म्हणजे काय, तर पेज बसतं ती जागा. दोन्ही वाक्यं खरी, पण दोन्हींतून हाती काही लागत नाही. ही गाठ सोडवायला लेक्चरचा रकाना कामी येतो. नियम असा : व्याख्येत वापरलेली प्रत्येक संज्ञा त्याच लेक्चरला किंवा आधी ओळख झालेली असावी, आणि त्याच लेक्चरमधल्या दोन संज्ञा एकमेकींच्या खांद्यावर उभ्या नसाव्यात. प्रोसेसची पत्त्यांची जागा आणि प्रत्यक्ष मेमरी या दोन्ही गोष्टी पेजिंगच्या आधी शिकवून झालेल्या असतात. मग पेज म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांच्या जागेचा ठरावीक आकाराचा तुकडा, बऱ्याच संगणकांवर ४ केबीचा. आणि फ्रेम म्हणजे प्रत्यक्ष मेमरीचा तेवढ्याच आकाराचा तुकडा. पेज कुठल्या फ्रेममध्ये आहे हे सांगणारा पेज टेबल त्यानंतरची नोंद.

हाच नियम सगळ्या सूचीवर लावला की लंगड्या ओळी आपोआप पुढे येतात. ‘कॉन्टेक्स्ट स्विच’च्या व्याख्येत पीसीबी आला, पण पीसीबीची ओळख पुढच्या लेक्चरला असेल, तर दोनपैकी एक चूक असते : व्याख्या घाईत इंटरनेटवरून उचललेली आहे किंवा पीसीबीचं लेक्चर चुकीचं नोंदवलंय. पुष्कळदा दुसरंच निघतं. स्लाइडवर आधी ‘प्रोसेस कंट्रोल ब्लॉक’ असं पूर्ण नाव असतं आणि शोध घेतलेला असतो फक्त `PCB`चा. अभ्यासक्रमाचा क्रमच तसा असण्याचीही शक्यता असतेच. मग त्या ओळीत संक्षेप टाळून ‘प्रोसेसची सध्याची स्थिती’ एवढं सरळ लिहिलं तरी भागतं.

शेवटी काही ओळी अशा उरतात की त्यांत ‘उल्लेख’ भरलेला आणि ‘ओळख’ रिकामी. ‘थ्रॅशिंग’ बऱ्याचदा तिथे सापडतं : एका आलेखात प्रोसेसेसची संख्या वाढत जाते, सीपीयूचा वापर आधी चढतो आणि मग कोसळतो, त्या उताराशेजारी हा शब्द लिहिलेला असतो आणि बस्स. पेजेसची ने-आण करण्यातच मशीनचा वेळ जाऊन प्रत्यक्ष काम थांबत येतं, हे वर्गात तोंडी सांगितलं गेलेलं असतं. पीपीटीची मूळ फाइल मिळाली तर स्लाइडखालच्या टिपणांत ते वाक्य कधीकधी सापडतं. पीडीएफ करताना ती टिपणं सहसा गळून पडतात. तिथेही नसेल, तर वर्गातली वही किंवा पाठ्यपुस्तक बघून ओळ लिहावी लागते, आणि त्या ओळीपुढे ‘स्लाइडवर नाही’ अशी खूण करून सरांना विचारायच्या यादीत तो शब्द टाकावा लागतो.