कांद्याचा भाव आणि शेतकऱ्याचा काळ

करंजाडेच्या बाजारात कांदा महागला, की एक प्रश्न हमखास कानी पडतो : भाव एवढा चढला आहे, तर शेतकरी अधिक कांदा का पिकवीत नाहीत? कोणीतरी माल दडवून ठेवला असावा, अशी शंकाही लगोलग व्यक्त होते. साठेबाजी होत नाही असे नाही. परंतु प्रश्नाचे मुख्य उत्तर अर्थशास्त्रातील एका साध्या संकल्पनेत आहे. तिला पुरवठ्याची लवचिकता म्हणतात.

किंमत शेकडा जितकी बदलते, त्या मानाने पुरवठा शेकडा किती बदलतो, हे लवचिकता सांगते. समजा, कांद्याचा भाव किलोला 20 रुपयांवरून 40 वर गेला, म्हणजे शंभर टक्के वाढला. आणि त्या आठवड्यात बाजारात 100 ऐवजी 105 गाड्या आल्या. पुरवठा पाच टक्के वाढला. पाचाला शंभराने भागले असता लवचिकता 0.05 येते. ती एकापेक्षा जितकी कमी, तितका पुरवठा ताठर. त्या पाच जादा गाड्याही नव्या पिकाच्या नसतात. चाळीत साठवलेला कांदा थोडा लवकर बाहेर निघालेला असतो.

हा ताठरपणा कोठून येतो, हे 2019 च्या टंचाईत स्पष्ट दिसते. तिचे मूळ आदल्या वर्षात होते. 2018 च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात कांद्याला किलोमागे एक-दीड रुपया मिळत होता. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे हाती आलेले 1064 रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठविले होते. नेमक्या त्याच डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड व्हायची होती. भाव मातीमोल, त्यात दुष्काळामुळे विहिरींना पाणी नाही, लागवड घटली. एप्रिल-मेमध्ये निघणारा हाच कांदा चाळीत टिकतो आणि पावसाळाभर आपल्याला पुरतो. तोच कमी असल्याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भाव भडकला.

आता सप्टेंबरमध्ये हा भाव पाहून एखाद्या शेतकऱ्याने कांदा लावायचे ठरविले, तर काय होते? प्रथम बी टाकून रोप तयार करावे लागते. त्यास सहा ते आठ आठवडे लागतात. नोव्हेंबरमध्ये रोपांची पुनर्लागवड होते आणि त्यानंतर साधारण साडेतीन महिन्यांनी कांदा काढणीस येतो. म्हणजे सप्टेंबरच्या भावाला शेताचे उत्तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळते. शिवाय बीही हवे तेव्हा वाढविता येत नाही. निवडक कांदे हिवाळ्याच्या आरंभी जमिनीत लावावे, त्यांना फुलांचे गोंडे यावेत, मग उन्हाळ्यात बी हाती येते. आणि ते वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते. म्हणून जुन्या बियाण्याचा मोठा साठा करून ठेवण्यातही अर्थ नसतो.

मधल्या काळात आशा होती ती खरिपाच्या कांद्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने तोही शेतातच सडविला. केंद्र सरकारने 29 सप्टेंबर रोजी निर्यात थांबविली होती, पुढे इजिप्त आणि तुर्कस्तानहून कांदा आणविला. तरी मुंबईत किरकोळ भाव शंभरीपार गेला. निर्यातबंदीने असलेला कांदा देशात राहतो. नवा कांदा उगवत नाही.

आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने पुरवठ्याचा विचार काळाशी जोडला, तो याचसाठी. एका दिवसात बाजारात जेवढा माल आहे तेवढाच पुरवठा. एका हंगामात शेतकरी दुसऱ्या पिकाचे क्षेत्र कांद्याकडे वळवू शकतो. काही वर्षांत विहीर, ठिबक सिंचन, नवी चाळ उभी राहते. काळ वाढतो तशी लवचिकता वाढते.

परंतु या विलंबातच शेतकऱ्याचे संकट दडलेले आहे. चढा भाव पाहून हजारो शेतकरी एकाच वेळी लागवड करतात आणि सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो. 2020 च्या उन्हाळ्यात तसेच घडले. मार्चमध्ये निर्यात खुली झाली, पण टाळेबंदीने बाजार विस्कळीत झाले आणि भाव पुन्हा कोसळले. पडलेल्या भावाने पुढची लागवड घटते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. अर्थशास्त्रात यास कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात.

म्हणून बाजारात कांद्याचा चढा भाव ऐकला, की तो आजच्या शेतकऱ्याला मिळणारा नफा आहे असे समजू नये. अनेकांनी आपला कांदा तत्पूर्वीच पडेल भावात विकलेला असतो. आणि आज जो रोप टाकतो आहे, त्याला पाच-सहा महिन्यांनंतरचा भाव ठाऊक नसतो.