राजीनामा द्यायचाय, पण वॉर्डशी नातं ठेवून

एम.एस्सी. नर्सिंगची यादी लागते, नाव दिसतं, घरी पेढे येतात. आणि त्याच रात्री ड्यूटीवर जाताना पोटात गोळा येतो: मेट्रन मॅडमना सांगायचं कसं? जिथे पहिल्यांदा एकटीने नाइट काढली, त्याच वॉर्डला आता ‘मी निघते’ म्हणायचं असतं.

नर्सच्या राजीनाम्याचा फटका आधी मैत्रिणींना बसतो. ड्यूटीचा तक्ता आगाऊ लागलेला असतो. त्यातून एक नाव गळलं की कुणाची तरी साप्ताहिक सुट्टी जाते, कुणाच्या तरी नाइट वाढतात. म्हणून मेल लिहिताना गोड शब्दांइतकाच तक्त्याचाही विचार करावा लागतो.

शिवाय या रुग्णालयाची गरज तुम्हाला पुढेही लागणार आहे. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. करायचं तर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. त्याचं प्रमाणपत्र हेच रुग्णालय देणार. दोन वर्षांनी नव्या नोकरीसाठी चौकशीचा फोनही इथेच येणार.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयातली सिस्टर आहे. बी.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं मेडिकल आयसीयूत काम केलंय. आता मेडिकल-सर्जिकल नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि 10 ऑगस्टला कॉलेजात हजर व्हायचंय. नियुक्तिपत्रात 30 दिवसांची नोटीस लिहिली आहे. तिने काय करावं?

आधी फी भरून प्रवेश पक्का करावा. नुसत्या यादीतल्या नावावर राजीनामा देऊ नये. कागदपत्रांच्या तपासणीत जागा अडकली तर दोन्हीकडून पंचाईत. मग नियुक्तिपत्र पुन्हा वाचावं. काही ठिकाणी नोटीस तीन महिन्यांची असते, काही ठिकाणी बाँड असतो आणि तो मोडला तर रक्कम भरावी लागते. हे मेल पाठवण्याआधी कळलेलं बरं.

त्यानंतर इनचार्ज सिस्टरला समोरासमोर सांगावं. ड्यूटी बदलतानाच्या घाईत नको, पाच मिनिटं मागून घेऊन सांगावं. इनचार्जला ही बातमी एचआरकडून कळली, तर मेलमध्ये कितीही आभार मानले तरी ती सल राहते. बोलणं झालं की त्याच दिवशी मेल पाठवावा: नर्सिंग सुपरिंटेंडेंट म्हणजेच मेट्रनच्या नावे, प्रत इनचार्जला आणि एचआरला. मेट्रन मॅडम मल्याळी असतील किंवा एचआर दुसऱ्या शहरात बसत असेल, तर मेल इंग्रजीतच जाईल. तरी आधी मराठीत लिहून पाहा, मुद्दे साफ होतात. आपल्या सिस्टरचा मेल असा:

विषय: स्टाफ नर्स पदाचा राजीनामा, मेडिकल आयसीयू, शेवटचा दिवस 31 जुलै

आदरणीय मॅडम,

मला एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. त्यासाठी मी मेडिकल आयसीयूतील स्टाफ नर्स पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रानुसार आज, 1 जुलैला, 30 दिवसांची नोटीस देत असून 31 जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.

जुलैच्या तक्त्यातील माझ्या सर्व ड्यूट्या, नाइटसह, मी पूर्ण करीन. नव्या सिस्टरला व्हेंटिलेटरच्या बेडवरचं काम दाखवता यावं म्हणून शेवटच्या आठवड्यात आमची ड्यूटी एकत्र लावता आली तर बरं होईल. क्रॅश कार्टची तपासणी सध्या माझ्याकडे आहे. इनचार्ज सिस्टर सांगतील त्यांच्याकडे ती लेखी सोपवीन.

इथे आले तेव्हा एबीजीचा रिपोर्ट हातात घ्यायला मी घाबरायचे. आज तो पाहून डॉक्टरांना वेळेत फोन करते. हे मला या आयसीयूने शिकवलं आणि त्यासाठी मी आपली आणि इनचार्ज सिस्टरची आभारी आहे.

31 जुलैला अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्ती पत्र मिळावं, ही विनंती. या मेलची पोच द्यावी.

आपली नम्र,
(नाव, कर्मचारी क्रमांक, मोबाइल क्रमांक)

नोटीस 30 दिवसांची, मग शेवटचा दिवस 30 जुलै का नाही? कारण काही एचआर मेलचा दिवस धरत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून मोजतात. एका दिवसावरून पगार कापला जाण्यापेक्षा एक दिवस जास्त काम केलेलं परवडतं. पुढे 10 ऑगस्टपर्यंत नऊ दिवस हातात राहतात. पत्राला उशीर झाला तर ते उपयोगी पडतात.

आभाराचा परिच्छेद तीनच वाक्यांचा आहे आणि माझ्या मते तेवढा पुरे. ‘या कुटुंबाचा भाग होता आलं’ असली वाक्यं एचआरने शंभरदा वाचलेली असतात. एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी. तिचा उल्लेख मेट्रनला खरा वाटतो, कारण ती भीती त्यांनी स्वतः पाहिलेली असते. मात्र आठवण सांगताना पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नका. पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, निरोपाच्या मेलमध्येसुद्धा.

आणि तक्रारी? कमी स्टाफ, लांबलेल्या ड्यूट्या, न मिळालेली पगारवाढ? त्या खऱ्या असतात, पण त्यांची जागा एचआरच्या शेवटच्या मुलाखतीत. राजीनाम्याचा मेल तुमच्या फाइलमध्ये राहतो आणि दोन वर्षांनी तुमची फाइल उघडणारी मेट्रन कदाचित नवी असेल. तिला तुमच्याबद्दल तेवढंच कळेल. म्हणूनच सलग नाइट संपवून आल्या आल्या मेल पाठवू नका. झोपा, मग पाठवा.

पोच मागितली आहे ती उगाच नाही. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर एचआरला भेटून नोटीस कोणत्या तारखेपासून धरली ते विचारा. ‘माणूस मिळेपर्यंत थांब’ असं म्हटलं गेलं तर चिडू नका. कॉलेजच्या पत्राची प्रत द्या आणि 31 जुलैच ठेवा. उलट कॉलेजची तारीख नोटिशीच्या आधी येत असेल, तर लवकर सोडण्याची विनंती मेलमध्येच करा. काही रुग्णालयं शिल्लक रजा त्यात धरतात, काही उरलेल्या दिवसांचा पगार कापून सोडतात.

सरकारी रुग्णालयात असाल, तर हा मेल लिहूच नका. तिथे राजीनाम्याने साधारणपणे आधीची सगळी सेवा बुडते. कायम नोकरीत असाल तर आधी अध्ययन रजेची चौकशी करा.

अनुभव प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या एवढं त्यात हवं. खाटा कशाला, असं वाटेल. पण एम्सच्या भरतीत जीएनएम झालेल्यांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तेव्हा जुन्या एचआरच्या मागे लागणं जड जातं. पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख भरायलाही सांगून ठेवा.

ओळखपत्र, लॉकरची चावी आणि गणवेश परत करून सही घ्या. वॉर्डच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्याच दिवशी बाहेर पडा, कारण तिथे पेशंटबद्दलचे निरोप येत असतात. इनचार्ज सिस्टरचा नंबर मात्र ठेवा. पहिल्या वर्षात काही अडलं तर फोन त्यांनाच कराल.